अकरा महिन्यांचं भूत

"घर भाड्याने देताना करार ११ महिन्यांचाच करा. त्याला रजिस्ट्रेशन लागत नाही, नोटरी पुरे. १२ महिने झाले की भाडेकरूचा हक्क लागतो. मुदत संपली की सरळ कुलूप बदला."

मावशीने हे मला पाठवलं, आणि वर "बघ, मी बरोबरच केलं" असंही लिहिलं. तिने ठाण्यातला फ्लॅट नोटरीच्या कागदावर देऊनही टाकलाय!

रजिस्ट्रेशन लागत नाही म्हणे. केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, तेवढं खरं. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ वाचा. लिव्ह अँड लायसन्ससुद्धा लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खरी मेख पुढे आहे. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणारा जे सांगेल ते धरलं जातं, खोटं ठरवायचं काम मालकाचं. उद्या मावशीचा माणूस म्हणाला, "मी लायसन्सी नाही, भाडेकरू आहे," तर?

तर सगळा डावच बदलतो. भाडेकरूला जागेत हक्क असतो. त्याला काढायला कलम १६ मधलं एखादं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं, थकबाकी असेल तर आधी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं. लायसन्सीला फक्त वापराची परवानगी असते. राहत्या घराची मुदत संपली की कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत त्याने बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर ताब्याचा आदेश होतो. वर दुप्पट भरपाई: महिना २०,००० ठरले असतील आणि तीन महिने जास्त राहिला, तर त्या तीन महिन्यांचे १,२०,०००. याच कलमात लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानलाय. एवढं हत्यार हातात असताना नोंदणीचे पैसे वाचवायचे!

बारा महिन्यांचा हक्क? असा काही नियम नाही. पाच वर्षांचे लिव्ह अँड लायसन्सही रोज नोंदले जातात. भीतीचं मूळ बहुधा जुनं असावं: १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना तेव्हाच्या कायद्याने भाडेकरू ठरवलं होतं. ती एकदाची तारीख होती, दरवर्षीची नाही.

कुलूप बदलायचं तर नावच काढू नका. मुदत संपली तरी वाट अर्जाचीच आहे. कुलूप तोडलं की पोलीस चौकीत उत्तरं मालक देतो.

मावशीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, पण एजंट म्हणाला होता..." शनिवारी रजिस्ट्रेशनला जातोय.