भाडेकरूचा पत्ता

‘आपला पत्ता बदलला असल्यास कळवावे’, असं बँकेचं पत्र माझ्या जुन्या पत्त्यावर गेलं. जुन्या घरमालकांनी त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तुमचं काहीतरी आलंय. पाणीपट्टीचे दोनशे राहिलेत.’ केवायसी अपडेट करायला एवढं कारण पुरे होतं.

भाडेकरूची फाईल जाड असते. तिच्यातला सगळ्यात देखणा कागद म्हणजे नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार. त्यावर सरकारी नोंदणीचा क्रमांक, मालकांचा फोटो, माझा फोटो, दोघांचे अंगठे आणि दोन साक्षीदार. साक्षीदारांपैकी एक मला आजतागायत कोण ते माहीत नाही, पण मी कुठे राहतो याची त्याला खात्री आहे. हा कागद हातात असला की काउंटरसमोर आपोआप पाठ ताठ होते.

माझ्यापुढचे गृहस्थ पत्त्याचा पुरावा म्हणून पॅन कार्ड पुढे सरकवत होते. काउंटरवरच्या मॅडमनी ते उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, “काका, यावर पत्ता कुठंय?” त्यांनी चष्मा लावून शोधला. पॅन बँकेला हवंच असतं, पण पत्त्यासाठी त्याचा काही उपयोग नाही, कारण त्यावर पत्ताच छापत नाहीत. मग माझा नंबर आला. करार पाहून मॅडम म्हणाल्या, “हा चालत नाही.”

मी म्हटलं, “अहो, रजिस्टर्ड आहे. सरकारनेच केलाय.”

“सरकारने केलाय हो, पण आमच्या यादीत नाही.”

ही यादी रिझर्व्ह बँकेची आहे आणि चांगलीच आखूड आहे. पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र, आधार, रोजगार हमीचं सही केलेलं जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं नाव-पत्त्याचं पत्र. यांच्यावर आताचा पत्ता नसेल, तर तात्पुरती सोय म्हणून आणखी काही कागद चालतात. वीज, पाणी, पाइप गॅस, टेलिफोन किंवा पोस्टपेड मोबाइलचं बिल, तेही दोन महिन्यांपेक्षा जुनं नको. घरपट्टीची पावती. सरकारी पेन्शनचा पत्ता असलेला आदेश. आणि शेवटी मालकाने राहायला दिलेल्या घराचं पत्र किंवा करार. इथे माझे डोळे चमकले. पण हा मालक म्हणजे नोकरी देणारा, तोही सरकारी खातं, बँक, लिस्टेड कंपनी असा भारदस्त. दर महिन्याच्या एक तारखेला ‘भाडं टाकलं का’ विचारणारा नव्हे.

थोडक्यात, साक्षीदारांनी अंगठे दिलेला करार बाद आणि गॅसचं बिल पास. वर वीजबिल मालकांच्या नावाचं, घरपट्टीही त्यांच्याच नावाची. माझ्या नावावर निघतं ते फक्त पोस्टपेड मोबाइलचं बिल, आणि त्यावरचा पत्ता मागच्या घराचा. तो आधी मोबाइल कंपनीकडे बदलायचा, तर तिला पुरावा हवा. हे बिल जमलं असतं तरी काम तीन महिन्यांपुरतंच. तेवढ्यात नव्या पत्त्याचा मूळ यादीतला कागद द्यावाच लागतो.

केवायसीच्या नियमित नूतनीकरणात फक्त पत्ता बदलला असेल, तर नियमाप्रमाणे नव्या पत्त्याचं स्वतःचं निवेदन पुरतं. बँक दोन महिन्यांत तिथे पत्र पाठवून किंवा माणूस पाठवून खात्री करते. मी हे मॅडमना ऐकवलं. त्या म्हणाल्या, “बरोबर. पण बँकेला वाटलं तर पुरावा मागता येतो.” हेही नियमातच आहे. बँकेला वाटलं होतं.

मग मॅडमनीच वाट दाखवली, आणि अर्जात खुपसलेल्या टाचणीसकट मी त्यांना माफ केलं. बँक जो करार घेत नाही, तो आधारवाले घेतात. म्हणजे करार देऊन आधारवरचा पत्ता बदलायचा आणि तो आधार घेऊन बँकेत यायचं. माझा करार तोच, मी तोच, घरही तेच. पण आधारच्या दारातून फिरून आला की पत्ता सोवळ्यात येतो.

मायआधारच्या संकेतस्थळावर हे घरबसल्या होतं, आधारला मोबाइल जोडलेला असेल तर. इंग्रजीत पत्ता भरत गेलं की शेजारी मराठी आपोआप उमटतं, आणि खरी देखरेख तिथेच लागते. माझ्या सोसायटीच्या नावाला तिथे असे काही ऱ्हस्वदीर्घ फुटले की सेक्रेटरींनी पाहिलं असतं तर विशेष सभा बोलावली असती. ते हाताने दुरुस्त करता येतं. फ्लॅट नंबर आणि विंग करारात जशी आहे तशीच लिहावी. करारात ‘बी-४०३’ आणि अर्जात ‘४०३, बी विंग’ असं झालं की तपासणाऱ्याला संशय घ्यायला जागा मिळते.

पत्ता मंजूर झाल्यावर जुनंच प्लास्टिकचं कार्ड घेऊन बँकेत जाऊ नये. त्याच्यावरच्या क्यूआर कोडमध्ये जुना पत्ता तसाच असतो. नवं ई-आधार उतरवून घ्यावं, ते उघडायला पासवर्ड लागतो: नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. माझा DATT1971 होतो. नंतर आधारच्याच ॲपने त्यावरचा क्यूआर कोड वाचून पाहावा. छापलेला पत्ता आणि कोडमधून निघालेला पत्ता एक आला, म्हणजे कागद खरा आणि ताजा.

नाव जुळवणं हे वेगळंच पारायण. रात्री जेवणाच्या टेबलावर मी पॅन, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी मांडलं आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचत गेलो. पॅनवर माझ्या नावाच्या शेवटी एक ए जास्त. आधारवर तो नाही, पण वडिलांचं नाव पूर्ण. पासबुकात वडिलांचं एकच अक्षर उरलेलं. जन्मतारीख तिन्हीकडे एकच निघाली, हे त्यातल्या त्यात बरं. पत्त्यातला स्वल्पविराम बँक सोडून देते, पण नावातलं अक्षर आणि जन्मतारीख तपासणाऱ्याच्या डोळ्यांत खुपते. तेव्हा कुठला कागद कुणाप्रमाणे दुरुस्त करायचा, हे घरीच ठरवलेलं बरं. मी पॅन दुरुस्तीला टाकलं, कारण शाळेच्या दाखल्यातही तो ए नाही.

आधार बदललं म्हणून बँकेला ते आपोआप कळत नाही. नवी प्रत घेऊन गेलो, मॅडमनी पत्ता पडद्यावर भरला, पिनकोड मोठ्याने वाचून घेतला आणि पोचपावतीवर शिक्का दिला. मग विचारलं, “काका, जॉइंट खातं आहे ना? काकूंचं आधार?”

काकूंचं आधार अजून माहेरच्या पत्त्यावर होतं. भाडेकराराला तिचं नाव नाही. तिच्यासाठी आधारवाल्यांनी कुटुंबप्रमुखाची सोय ठेवली आहे: दोघांची नावं असलेला विवाह नोंदणीचा दाखला जोडून तिने अर्ज करायचा आणि कुटुंबप्रमुखाने तीस दिवसांत आपल्या लॉगिनमधून मंजुरी द्यायची. मी पहिल्याच संध्याकाळी ऐटीत लॉगिन केलं. आतून आवाज आला, “मंजूर करून टाका लगेच, आणि येताना कोथिंबीर आणा.”