सकाळच्या नाडीबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

"सकाळची नाडी नेहमीपेक्षा ५ ठोक्यांनी वाढली, म्हणजे ओव्हरट्रेनिंग झालं. आठवडाभर व्यायाम बंद!"

हे बरोबर नाही. ओव्हरट्रेनिंग म्हणजे पुरेशी विश्रांती न घेता अति व्यायाम केल्याने आलेला, लवकर न जाणारा थकवा. अपुरी झोप, कमी पाणी, उकाडा किंवा रात्रीचं मद्यपान, एवढ्यानेही एखाद्या सकाळी ५ ठोके सहज वाढतात. एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. उठण्याआधी, पडल्यापडल्या पूर्ण मिनिटभर मोजा आणि आपल्याच दोन आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहा.

माझी सरासरी ५४. मागच्या महिन्यात एका सकाळी ६३ भरली. आदले दोन दिवस फक्त चालणं झालं होतं, पायही दुखत नव्हते. म्हणजे वाढ व्यायामामुळे नसावी, आजारपण येत असेल असं वाटलं, म्हणून धावणं टाळलं. संध्याकाळी घसा धरला, रात्री ताप आला. ताप अंशभर सेल्सिअसने चढला की नाडी साधारण १० ठोक्यांनी वाढते, आणि कधीकधी ती लक्षणांच्या आधीच वाढू लागते.

उलट, खऱ्या ओव्हरट्रेनिंगमध्ये नाडी अनेकदा नेहमीसारखीच असते, त्यामुळे आकडा ठीक असला तरी थकवा दुर्लक्षू नका. आराम करतानाही नाडी १००च्या वर राहत असेल, किंवा छातीत दुखणं, धाप, चक्कर असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.