गादीची जाडी कोण मोजणार?

गेल्या महिन्यात मी सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानातून 'किंग साइज' असे मोठ्या अक्षरांत छापलेली सुती चादर विकत आणली, आणि तेव्हापासून एकाही रात्री ती सकाळपर्यंत गादीवर टिकलेली नाही. वडिलांच्या कमरेचे ऑपरेशन झाल्यामुळे त्यांना कूस बदलतानाच त्रास होतो. त्यात रात्री केव्हातरी उशाकडचा कोपरा सुटतो, चादर त्यांच्या पाठीखाली गोळा होते आणि सकाळी सदरा वर केला की त्या चुण्यांचे लाल वळ पाठीवर उमटलेले दिसतात. हे रोज पाहून माझा संताप अनावर झाला आहे.

चूक अगदी साध्या बेरजेची आहे. आमची गादी ७८ इंच लांब, ७२ इंच रुंद आणि ८ इंच जाड आहे. चादरीला गादीचा वरचा भाग झाकावा लागतोच, शिवाय दोन्ही बाजूंनी खाली उतरावे लागते आणि मग गादीखाली शिरावे लागते. म्हणून रुंदीत दोनदा जाडी आणि दोनदा खोचण्याचे कापड मिळवायला हवे. हाच हिशेब लांबीलाही लागू होतो. खोचायला प्रत्येक बाजूला ६ इंच धरले, तर रुंदी ७२ अधिक १६ अधिक १२ म्हणजे १०० इंच आणि लांबी ७८ अधिक १६ अधिक १२ म्हणजे १०६ इंच होते. मी आणलेली चादर ९० बाय १०८ ची आहे. लांबीला ती पुरते, पण रुंदीत नुसत्या दोन बाजू झाकण्यातच ८८ इंच संपतात आणि खोचायला एकेका बाजूला १ इंच उरतो. १ इंच कापड माणसाच्या वजनाखाली कसे टिकणार? बरे, चादर आडवी फिरवावी, तर लांबीच्या दिशेला ९४ इंच नुसते झाकायलाच लागतात आणि हाती ९० च असतात.

त्यात पहिल्या धुण्यात सुती कापड आटते. ५ टक्के जरी आटले, तरी ९० चे साडेपंच्याऐंशी होतात, म्हणजे खोचणे दूरच, चादर गादीच्या खालच्या कडेपर्यंतही पोहोचत नाही. आमच्या घरी नेमके हेच झाले.

दुकानात तक्रार घेऊन गेले, तेव्हा उत्तर मिळाले, "ताई, किंग साइज म्हणजे किंग साइज, सगळे हीच नेतात. आणि धुतलेला माल आम्ही परत घेत नाही." मी गादीची जाडी सांगत होते आणि ते पाकिटावरचे नाव दाखवत होते. पूर्वीच्या ४ इंची कापसाच्या गादीवर याच मापाची चादर नीट बसायची, कारण तिथे ७२ अधिक ८ म्हणजे ८० इंचांतच काम भागायचे आणि दोन्हीकडे ५-५ इंच खोचायला मिळायचे. गाद्या ८ आणि १० इंचांवर गेल्या, तरी या चादरीचा पन्हा मात्र ९० वरच अडला आहे. ज्या सोलापूरच्या नावाने चादर ओळखली जाते, तिथल्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला 'गादी किती जाड आहे?' एवढा एक प्रश्न विचारू नये, याची मला मनापासून चीड येते.

शेवटी मी १०८ इंच पन्ह्याचे ३ मीटर सुती कापड आणले, शिवण्याआधी भिजवून धुतले आणि मगच शिंप्याकडे दिले. ५ टक्के आटल्यावरही पन्हा १०२ च्या वर राहिला आणि बाजूंना काठ असल्यामुळे तिथे दुमड घालावी लागली नाही. लांबीच्या टोकांना २-२ इंच दुमडीत गेल्यावर १०८ इंचांची चादर उरली. गादी मोजताना मी टेप गादीवर दाबून न धरता वर एक सरळ पट्टी आडवी ठेवून जाडी घेतली, कारण दाबलेली गादी एखादा इंच कमी भरते आणि तो एक इंच रुंदीत दोनदा नडतो. वडिलांच्या गादीवर आता वर आणखी एखादे २ इंचांचे आच्छादन टाकायचे ठरले, तर मात्र हीच बेरीज पुन्हा करावी लागेल, कारण रुंदी १०४ वर जाते आणि ही चादरही तोकडी पडते.

पाकिटावर 'किंग साइज'च्या खाली फक्त एवढेच छापा, की ही चादर किती इंच जाडीच्या गादीपर्यंत आणि किती खोचून बसते, तीही धुतल्यानंतर. एवढी एक ओळ छापायला शाई कितीशी लागते?