स्प्रेडमधला ‘जास्तीत जास्त तोटा’ एक्सपायरीच्या रात्री कुठे जातो?

इंडेक्स ऑप्शन्सवर हात बसलेली बरीच मंडळी तीच स्ट्रॅटेजी उचलून शेअरच्या ऑप्शन्सवर लावतात. चार्ट सारखाच दिसतो, पेऑफचा आलेख सारखाच दिसतो, ब्रोकरच्या स्क्रीनवर ‘मॅक्स लॉस’ म्हणून आकडाही येतो. पण इंडेक्समध्ये तो आकडा खरा असतो आणि शेअरमध्ये तो फक्त एक्सपायरीच्या क्लोजिंगपर्यंत खरा असतो. माझ्या मते ऑप्शन्स शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्या आठवड्यात सांगायला हवी. मला ती कुणी सांगितली नव्हती, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझाच सौदा घेतो. हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोल केलेत. मी एका शेअरवर बुल कॉल स्प्रेड घेतला होता. ५०० चा कॉल विकत घेतला, ५२० चा कॉल विकला आणि शेअरमागे निव्वळ ८ खिशातून गेले. एका कराराचे १०० शेअर असे १० करार होते, म्हणजे एकूण १,००० शेअर. प्रीमियम ८,०००. शेअर ५२० च्या वर बंद झाला तर नफा १२,०००, ५०० च्या खाली बंद झाला तर तोटा ८,०००. स्क्रीनवर हेच लिहिलं होतं आणि मी तेवढ्याच हिशोबाने झोपत होतो.

एक्सपायरीच्या दिवशी शेअर ५१० च्या आसपास घुटमळत राहिला. आता ५०० च्या कॉलमध्ये १० चं मूल्य आहे, ५२० चा कॉल शून्य होणार. कागदावर माझे १०,००० होतात, ८,००० वजा जाता २,००० नफा. शेवटच्या अर्ध्या तासात ५०० चा कॉल विकायला गेलो तर बिड ९.६० ची. लिक्विडिटी आटलेली, बिड आणि आस्कमध्ये हे एवढं अंतर. मनात आलं, चाळीस पैशांप्रमाणे ४०० कशाला सोडायचे? एक्सपायर होऊ दे, पूर्ण १० मिळतील.

हाच सौदा इंडेक्सवर असता तर मी बरोबर असतो. इंडेक्समध्ये द्यायला-घ्यायला वस्तूच नसते. पाचशे कंपन्यांचे शेअर ठरलेल्या प्रमाणात, अपूर्णांकात मोजून कोण कुणाला देणार? म्हणून तिथे अंतिम सेटलमेंट भाव आणि स्ट्राइक यांतला फरक काढतात, तेवढी रोकड खात्यात येते किंवा जाते आणि गोष्ट तिथेच संपते. दुसऱ्या दिवशी बाजार कुठेही उघडो, तुमचा त्याच्याशी संबंध उरलेला नसतो.

शेअरच्या ऑप्शनमध्ये मात्र प्रत्यक्ष डिलिव्हरी होते. माझा ५०० चा कॉल इन द मनी होता, त्यामुळे तो आपोआप एक्सरसाइझ झाला. म्हणजे मला १०,००० मिळाले नाहीत. मी ५०० च्या भावाने १,००० शेअर विकत घेतले आणि त्यांचे ५,००,००० द्यायचे झाले. विकलेला ५२० चा कॉल आउट ऑफ द मनी होता, तो मेला. जो पाय मला खाली-वर सांभाळून धरेल असं मी समजत होतो, तो त्या रात्री उरलाच नाही. ८,००० च्या स्प्रेडची पाच लाखांची उघडी पोझिशन झाली होती आणि बाजार बंद होता.

रात्री कंपनीचे तिमाही निकाल आले. सकाळी शेअर ४७० ला उघडला. शेअरमागे ३० प्रमाणे ३०,००० गेले, आधीचे ८,००० प्रीमियम धरून एकूण ३८,०००. ब्रोकरला फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, “सर, तुमचा स्प्रेड काल संपला. आज तुमच्याकडे शेअर आहेत.” ते वाक्य मला आजही ऐकू येतं, कारण त्यात चूक काहीच नव्हती. स्क्रीनवरचा ८,००० चा आकडाही चुकीचा नव्हता. तो ऑप्शन जिवंत असेपर्यंतचा होता.

इथे नीट पाहिलं तर धोका सगळीकडे नाही. शेअर ५०० च्या खाली बंद झाला असता तर दोन्ही कॉल मेले असते, ८,००० जाऊन विषय संपला असता. ५३० ला बंद झाला असता तर एका पायाने १,००० शेअर आले असते, दुसऱ्याने तेच १,००० गेले असते आणि मधले २०,००० हातात पडले असते. घात होतो तो भाव दोन स्ट्राइकच्या मध्ये बंद झाला की. एक पाय जिवंत, एक मेलेला. क्रेडिट स्प्रेडमध्येही हेच, फक्त उलट्या बाजूने. ५०० चा पुट विकलाय, ४८० चा घेतलाय आणि शेअर ४९० ला बंद झाला, की समोरचा माणूस ५०० ने शेअर तुमच्या गळ्यात घालतो. तुमचा ४८० चा विमा त्याच क्षणी संपलेला असतो.

अमेरिकी बाजारात याला आणखी एक पदर आहे. तिथे एक सेंटनेही इन द मनी असलेला ऑप्शन आपोआप एक्सरसाइझ होतो, पण ऑप्शन ज्याच्याकडे आहे त्याला उलट सूचना देता येते. शेअरचा नेहमीचा व्यवहार न्यूयॉर्कच्या दुपारी ४ ला थांबतो आणि ही सूचना साडेपाचपर्यंत देता येते. काही ब्रोकर त्याआधीच खिडकी बंद करतात. आता समजा तुम्ही ५२० चा कॉल विकलाय, ५४० चा घेतलाय आणि शेअर ५१९.८० ला बंद झाला. तुम्ही निश्चिंत झालात. सव्वाचारला बातमी आली, बाजारोत्तर व्यवहारात भाव ५३० झाला. समोरचा ५२० चा कॉल बजावणारच. तुमच्या खात्यात १,००० शेअरची शॉर्ट पोझिशन उभी राहते आणि ते तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळतं. स्ट्राइकला चिकटून भाव बंद होण्याची लोकांना एवढी धास्ती का असते, ते यातून कळतं. विकणाऱ्याला आपल्या पदरात काय पडलं हे क्लोजिंगनंतरही माहीत नसतं.

भारतात शेअर ऑप्शन्स युरोपियन पद्धतीचे आहेत, म्हणजे एक्सपायरीआधी असाइनमेंट येत नाही. इथे गोम दुसरीच आहे. अंतिम भाव म्हणजे शेवटचा सौदा झाला तो भाव नव्हे, शेवटच्या अर्ध्या तासाची भारित सरासरी. स्क्रीनवर शेवटचा आकडा ५०१ दिसतो आणि क्लोजिंग ४९९.५० निघतं, किंवा याच्या उलट. ५०० चा कॉल मेला की जगला हे त्या सरासरीवर ठरतं. शिवाय पूर्वी इथे शेअर ऑप्शन्सही रोखीत मिटत. सेबीने २०१८ मध्ये टप्प्याटप्प्याने डिलिव्हरी सक्तीची करायला सुरुवात केली आणि ऑक्टोबर २०१९ च्या एक्सपायरीपासून सगळ्या शेअर डेरिव्हेटिव्ह्जना ती लागू झाली. त्याआधी शिकलेल्या कित्येकांच्या हातात अजून जुनीच सवय आहे. एक्सपायरी जवळ आली की इन द मनी लाँग ऑप्शनवरही मार्जिन चढू लागतं, ते पाहून “मी तर ऑप्शन विकत घेतलाय, मार्जिन कसलं?” असं विचारणारे मला दर महिन्याला भेटतात. ते मार्जिन डिलिव्हरीचं असतं. ती धोक्याची घंटा आहे.

मग काय करायचं? माझं उत्तर ठाम आहे: शेअरवरचा स्प्रेड मी एक्सपायरीच्या शेवटच्या तासात नेत नाही. आदल्या दिवशीच दोन्ही पाय एकाच ऑर्डरमध्ये कापतो आणि सुटणारे ४०० सुटू देतो. मी ते ४०० वाचवायला पाच लाखांचा शेअर रात्रभर उराशी घेतला होता.

वेळेत सुटता आलं नाही तर अजून एक वाट असते. माझ्या सौद्यात क्लोजिंगआधी १,००० शेअर ५१० ने शॉर्ट करता आले असते. रात्री ५०० ने येणारे १,००० शेअर त्यांना भागवून टाकतात, शेअरमागे १० पक्के होतात, सकाळच्या ४७० चा त्रास नाही. भारतात शेअर असे रात्रभर शॉर्ट ठेवता येत नाहीत, तिथे त्याच एक्सपायरीचं फ्युचर विकतात. डिलिव्हरीचं देणंघेणं एकमेकांत वळतं होतं. दोन्हीकडे मार्जिन लागतं, आणि लॉट जुळला पाहिजे. पैसा तोकडा असेल तर ब्रोकर वाट बघत बसत नाही, शेवटच्या तासांत मिळेल त्या भावाला पोझिशन कापतो. पातळ बाजारात तो भाव ९.६० पेक्षा खूप वाईट असू शकतो.

याचा अर्थ रोखीचं सेटलमेंट सर्वगुणसंपन्न आहे असं नाही. अमेरिकेच्या एस अँड पी ५०० इंडेक्सवरचे, म्हणजे `SPX` चे, महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारचे पारंपरिक ऑप्शन्स घ्या. त्यांचा व्यवहार गुरुवारी थांबतो आणि अंतिम आकडा शुक्रवारी सकाळी त्यातल्या एकेका शेअरच्या ओपनिंग भावावरून काढतात. म्हणजे रात्रभर पोझिशन आहे, पण ती कापता येत नाही. सगळे शेअर एकाच क्षणी उघडत नाहीत, त्यामुळे तो आकडा पडद्यावर इंडेक्सने कधी दाखवलेलाही नसेल. त्याच इंडेक्सचे `SPXW` ऑप्शन्स मात्र एक्सपायरीच्या दिवशीच्या क्लोजिंगवर मिटतात. नावात एका अक्षराचा फरक आणि एका रात्रीची जोखीम.

आणि डिलिव्हरी हवीशी असणारेही आहेतच. ज्याच्याकडे शेअर आहेत आणि ज्याने त्यावर कॉल विकलाय, त्याचे शेअर ठरलेल्या भावाला जातात, व्यवहार स्वच्छ होतो. त्याने शेअर ठेवून इंडेक्सचा कॉल विकला असता तर इंडेक्स वर गेल्यावर रोख भरावी लागली असती आणि त्याचे शेअर तेवढे वाढलेच असतील याची खात्री नसती. रोख राखून पुट विकणाऱ्यालाही शेअर हवेच असतात. माझा वाद डिलिव्हरीशी नाही. माझा वाद त्या स्क्रीनशी आहे, जी दोन्हीकडे सारख्याच अक्षरांत ‘मॅक्स लॉस ८,०००’ लिहिते.

आता मी नवीन सौदा टाकण्याआधी कराराच्या तपशिलात तीनच ओळी वाचतो. सेटलमेंट रोख की डिलिव्हरी, व्यवहाराचा शेवटचा दिवस आणि वेळ, अंतिम भाव कशावरून काढणार. मग ‘मॅक्स लॉस’च्या शेजारी वहीत माझ्या हाताने दुसरा आकडा लिहितो: इन द मनी पायाची स्ट्राइक गुणिले शेअर. त्या सौद्यात तो ५,००,००० होता, आणि माझ्या खात्यात त्या दिवशी ६०,००० होते.