वीस ग्रॅमांत बसवायचं

नागपूरच्या पत्रमित्राला मी आधी आंतरदेशीय पत्रं धाडायचे. अडीच रुपयांचा निळा कागद, घडी घातली, डिंक लावला, झालं. आत काही ठेवायला मनाई, आणि जागा इतकी बेताची की मनातलं लेखणीपर्यंत येईस्तोवर डिंकाची पट्टी लागायची. भित्र्या माणसाची मोठीच सोय.

मग एका पावसाळ्यात मी लिहिलं, 'इकडे एका छत्रीत दोघं मावतात का, हे बघायचं राहून गेलंय.' उत्तर आलं, 'छत्रीचा व्यास कळवावा.'

त्या दिवसापासून निळा कागद पुरेना. लिफाफा आला, आणि त्याच्यामागून पोस्टाचा हिशेब. पाच रुपयांत वीस ग्रॅम. साधा ए-फोर कागद पावणेपाच ग्रॅमच्या आसपास, माझा लिफाफा पाचचा. म्हणजे तीन कागदांवर पोचेपर्यंत एकोणीस. उरलेल्या एका ग्रॅममध्ये शाई, डिंक आणि भावना. वजन जास्त आणि तिकीट कमी असलं, तर कमी पडलेल्या पैशांच्या दुप्पट रक्कम पोस्टमन घेणाऱ्याकडून वसूल करतो. आपल्या मनातलं वाचायला त्यांनीच दंड भरायचा, हे मला काही पटेना.

म्हणून गिरगावातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी काट्यावर पत्र ठेवलं. आई म्हणाली, "काय गं, केशर मोजतेस का?" म्हटलं, "पोस्टाचं आहे." तिने लिफाफा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि चहात दोनदा साखर घातली.

शिवाय 'तुम्ही' परकं वाटू लागलेलं, 'तू' लिहायला हात धजत नव्हता. मग सगळी वाक्यं कर्त्याविना. 'मुंबईला येणं होणार का? आलं तर कुठे उतरणं होईल?' असं वाचून वाटावं, मुंबईला माणूस नव्हे, एखादं सरकारी परिपत्रक येणार आहे.

शेवटी चौथं पान झालंच. त्यात फक्त एवढंच होतं: 'छत्री मोठी घेतली आहे. व्यास समक्ष सांगेन.' ते काढून टाकावं म्हणून मी जीपीओत उभी राहिले. १९१३ मध्ये पूर्ण झालेली ती इमारत, वर विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट. खाली मी, एका ओळीच्या कागदाशी झुंजत.

खिडकीतल्या बाईंनी काट्यावर लिफाफा ठेवला. "चोवीस ग्रॅम. आणखी पाचचं तिकीट लावा ताई, नाहीतर समोरच्याला दहा भरावे लागतील." मागून एक काका म्हणाले, "एक पान कमी करा ना." बाई म्हणाल्या, "तुम्ही थांबा हो. लावू द्या त्यांना."

मी तिकीट लावलं. मग लक्षात आलं, आता चाळीस ग्रॅमपर्यंत मुभा आहे. सोळा ग्रॅम उरलेत. म्हणजे आणखी तीन पानं. बाईंकडे लिफाफा परत मागितला, तर त्यांनी तो तोवर शिक्का मारून टाकलाही होता.