प्रायमर लायगेज काढत नाही

«रेप्लिकेशन आणि ट्रान्सक्रिप्शन दोन्हींसाठी एकच क्रम पाठ करा: हेलिकेज, टोपोआयसोमरेज, प्रायमेज, पॉलिमरेज, लायगेज. एकाचं काम संपलं की दुसरं येतं. शेवटी लायगेज प्रायमर काढून तुकडे जोडतं. ट्रान्सक्रिप्शनच्या स्लाइडवर फक्त डीएनए पॉलिमरेज खोडून आरएनए पॉलिमरेज लिहा. मार्क पक्के!»

हा मेसेज गेल्या महिन्यात मला तीन वेळा आला आणि मी तिन्ही वेळा सोडून दिला. परवा मात्र माझ्या भाचीने सेमिनारच्या स्लाइड बघायला पाठवल्या, तर चौथ्या स्लाइडवर हाच क्रम, बाणांसकट. विचारलं तर म्हणाली, "मावशी, सगळ्यांनी हाच घेतलाय." म्हणून आता लिहिणं भाग आहे. रेप्लिकेशन म्हणजे डीएनएची नक्कल होणं, ट्रान्सक्रिप्शन म्हणजे डीएनएवरून आरएनए बनणं. पुढचं सगळं ई. कोलाय या जिवाणूबद्दल आहे, कारण तिची स्लाइडही त्याचीच होती.

सगळ्यात घातक वाक्य आहे लायगेजचं. लायगेज काहीही काढत नाही. त्याला एकच काम येतं: शेजारी शेजारी टेकलेल्या दोन टोकांमधला एक बंध पुरा करणं. एका टोकाला ३′ हायड्रॉक्सिल हवा, दुसऱ्याला ५′ फॉस्फेट हवं, आणि मध्ये एकाही न्यूक्लिओटाइडची जागा रिकामी नको. चीर सांधता येते, खड्डा भरता येत नाही.

लॅगिंग स्ट्रँड, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी बनणारा धागा, त्यावरचे दोन तुकडे घेऊ. जिवाणूंमध्ये हे ओकाझाकी तुकडे साधारण १००० ते २००० न्यूक्लिओटाइडचे असतात आणि प्रत्येकाच्या ५′ टोकाला दहा-बारा न्यूक्लिओटाइडचा आरएनए प्रायमर असतो, म्हणजे प्रायमेजने सुरुवात करून दिलेला छोटा आरएनए. आधी बनलेल्याला 'जुना' म्हणू, नंतर बनलेल्याला 'नवा'. दोन धागे जिथे सुटत जातात तो फोर्क. नवा तुकडा फोर्कच्या जवळ सुरू होतो आणि फोर्कपासून दूर, जुन्याच्या दिशेने वाढतो. पॉलिमरेज-३ त्याला वाढवत नेतं आणि जुन्या तुकड्याच्या प्रायमरपाशी येऊन सोडून देतं. या क्षणी नव्याचं ३′ टोक जुन्याच्या प्रायमरला भिडलेलं आहे. मेसेजप्रमाणे इथे लायगेज आलं, तर काय होईल? समोर आरएनए आहे, आणि प्रायमेजने त्याची सुरुवात आख्ख्या न्यूक्लिओटाइडने केल्यामुळे त्याच्या ५′ टोकाला एका फॉस्फेटऐवजी तीन आहेत. लायगेजला चालेल असं ते टोकच नाही.

म्हणून मधे पॉलिमरेज-१ येतं, जे मेसेजमध्ये कुठेच नाही. त्याच्याकडे ५′ कडून ३′ कडे कुरतडत जाण्याची क्षमता आहे. ते नव्या तुकड्याच्या ३′ टोकाला बसतं, पुढचा आरएनए कापत जातं आणि त्याच वेळी मागे डीएनए भरत जातं. चीर आहे तशीच राहते, फक्त पुढे सरकते. प्रायमर संपला की चिरेच्या दोन्ही बाजूंना डीएनए असतो आणि पुढच्या टोकाला एकच फॉस्फेट. आता लायगेज येतं, सांधतं आणि त्याचं काम संपतं. ई. कोलायमध्ये त्यासाठी लागणारी ऊर्जा एनएडीकडून मिळते. क्रम असा आहे: पॉलिमरेज-३, मग पॉलिमरेज-१, मग लायगेज. मधलं नाव गाळलं, की उरलेल्या दोघांचं काम समजण्याची वाटच बंद होते.

हे कुणाच्या मतावर अवलंबून नाही. १९६८ मध्ये ओकाझाकींच्या गटाने टी-४ फाज या जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूचे असे म्युटंट वापरले, ज्यांचं लायगेज जास्त तापमानाला निकामी होतं. तापमान वाढवल्यावर छोटे तुकडे साचत गेले. म्हणजे तुकडे बनवायला लायगेज लागत नाही, सांधायला लागतं. दुसरी बाजू १९६९ मध्ये डी लूसिया आणि केर्न्स यांच्या ई. कोलाय म्युटंटमुळे उघडली. त्यात पॉलिमरेज-१ ची पॉलिमरेज क्रिया एक टक्क्याच्या आसपासच उरली होती. जिवाणू तरीही वाढत होता, आणि त्यामुळेच फोर्कवर मुख्य लांबी वाढवणारं पॉलिमरेज वेगळं असणार हे दिसलं. पण पुढे तपासलं, तेव्हा याच म्युटंटमध्ये ओकाझाकी तुकडे सांधले जायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. लायगेज तर त्यात धडधाकट होतं! प्रायमर काढून जोडणं एकट्या लायगेजचं काम असतं, तर हा उशीर झालाच नसता.

भाचीला मी तिचीच स्लाइड तपासायला सांगितली. आरएनए एका रंगाने काढ, डीएनए दुसऱ्याने, आणि लायगेजच्या बाणाखाली कोणता रंग आहे ते बघ. आरएनएचा रंग असेल, तर आधीची एक पायरी गळली आहे.

आता 'एकाचं काम संपलं की दुसरं' हे. यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. हेलिकेजने धागे सोडवल्याशिवाय प्रायमेजला जागा मिळत नाही आणि प्रायमरशिवाय डीएनए पॉलिमरेज सुरूच होऊ शकत नाही. कोण कुणावर अवलंबून, हा क्रम बरोबर आहे. पण कुणी काम संपवून निघून जात नाही. फोर्क सेकंदाला सुमारे १००० बेसजोड्या सरकतो. साडेदहा जोड्यांना एक पीळ धरला, तर फोर्कच्या पुढे सेकंदाला जवळजवळ ९५ पिळांचा ताण साचतो. तो गायरेज हे टोपोआयसोमरेज सतत सोडवत असतं. त्याला 'पायरी २' लिहिलं, की ते एकदा येऊन गेलं असं वाटतं. त्याला क्रमांक न देता फोर्कच्या पुढे काढावं. आणि या यादीत उघडे धागे धरून ठेवणारी एसएसबी प्रथिनंही नाहीत.

ट्रान्सक्रिप्शनची स्लाइड नाव खोडून होत नाही, नव्याने काढावी लागते. आरएनए पॉलिमरेजला प्रायमर लागत नाही, ते पहिल्या न्यूक्लिओटाइडपासून स्वतः सुरू करतं, म्हणून प्रायमेज गेलं. आरएनए सलग एकच बनतो, सांधायला तुकडे नाहीत, म्हणून लायगेज गेलं. जिवाणूत वेगळं हेलिकेजही नाही: सिग्मा घटक प्रमोटर, म्हणजे सुरुवात कुठून करायची ती खूण, ओळखून देतो आणि आरएनए पॉलिमरेज स्वतःच बारा-चौदा जोड्यांचा बुडबुडा उघडतं. आपल्या पेशींमध्ये टीएफआयआयएच या घटकातला एक भाग धागे उघडायला मदत करतो, त्यामुळे हेलिकेजचा उल्लेख तिथे चुकीचा नाही. पण मेसेजमध्ये कोणत्या सजीवाबद्दल बोलणं चाललंय हेच नाही. पिळाचा ताण इथेही येतो, म्हणून टोपोआयसोमरेज राहतं. पाचातलं मूळ जागेवर उरलं ते एवढंच.

भाचीने रात्री नवी स्लाइड पाठवली. लायगेजच्या बाणाखाली दोन्हीकडे डीएनएचा निळा रंग होता आणि त्याच्या आधी, आरएनएच्या लाल पट्टीवर, पॉलिमरेज-१ बसलेलं होतं. गायरेजला मात्र अजून २ क्रमांकच होता. तो काढायला सांगितला आहे.