आत्याच्या पत्रात शुभेच्छा एका ओळीत उरका

सण जवळ आला की आमच्या घरात कोणीतरी म्हणतंच, "आत्याकडे फोन नाही, तिला एक कार्ड टाकून दे." टाका की, माझी हरकत नाही. पण छापील कार्ड वाचून व्हायला किती वेळ लागतो? सोनेरी अक्षरांत जे लिहिलेलं असतं ते तिला आधीच ठाऊक असतं. सण आलाय आणि भाचरं आपलं भलं चिंततात, एवढंच. तिला जे ठाऊक नसतं, म्हणजे वर्षभरात घरात काय काय झालं, त्यातलं एक अक्षर कार्डावर नसतं. आणि फोन नसलेल्या माणसाला बातमी कळणार तरी कुठून? येणाऱ्याजाणाऱ्याकडून, अर्धीमुर्धी, वर तिखटमीठ लावून.

म्हणून माझं मत ठाम आहे. हाताने पत्र लिहा, शुभेच्छा एका ओळीत उरका आणि उरलेली पानं बातम्यांना द्या.

मायन्यावर अडून बसू नका. "ती. स्व. आत्यास, सा. न. वि. वि." लिहिलं की जुन्या माणसाला बरं वाटतं, आणि पुढच्याच ओळीत "तू कशी आहेस" म्हणायला कुणाची ना नसते. पाकिटावर मात्र "गं. भा." लिहू नका, साधं "श्रीमती" पुरतं. तिचा नवरा गेलाय हे पोस्टमनला कळवायची काही गरज नाही.

आता अक्षर. इथे बहुतेक पत्रं फसतात, कारण आपण आपल्या डोळ्यांनी लिहितो आणि वाचायचं तिला असतं. वय वाढतं तशी डोळ्यातली बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट पडतं. साठीच्या माणसाच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. आत्या तर साठीच्या कितीतरी पुढे गेलेली. त्यामुळे फिकट निळं पेन तिच्यासाठी जवळजवळ पेन्सिलच. काळं पेन घ्या, जरा जाड टोकाचं. कागद चकचकीत नको, त्यावर दिव्याची तिरीप पडली की अक्षरं दिसेनाशी होतात. पातळही नको, मागची शाई पुढे उमटली की दोन्ही बाजू वाया जातात. मी तर कागदाच्या एकाच बाजूला लिहितो आणि प्रत्येक पानाच्या वर ठळक आकडा टाकतो, कारण पानं हातातून खाली पडतात आणि मग कुठलं कशाच्या आधी हे कळत नाही.

आपल्या लिपीचं दुखणं वेगळंच. वेलांट्या आणि मात्रा वर, उकार खाली. रेघांच्या कागदावर लागोपाठ ओळी लिहिल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. ओळ सोडून ओळ लिहिली की हा गोंधळच होत नाही. बारीक अक्षरात पहिला बळी जातो तो अनुस्वाराचा. टिंब दिसलं नाही की "सांगितलं"चं "सागितल" होतं, ते एक वेळ संदर्भाने सुटतं, पण नावांना संदर्भ नसतो. घाईत काढलेले घ आणि ध, भ आणि म सारखेच दिसतात, आणि ख तर "रव" होऊन बसतो. नव्या बाळाचं नाव तिने कधी ऐकलेलंच नाही, ते ती अंदाजाने कसं वाचणार? म्हणून नवं नाव आलं की प्रत्येक अक्षर सुटं, मोठं, डोक्यावरची रेघ पूर्ण ओढून. एवढे कष्ट फक्त नावांपुरते घेतले तरी पत्र निम्मं सोपं होतं.

खरी गंमत बातमीत आहे. फोनवर बातमी देताना आपण अर्धीच देतो, कारण उरलेली अर्धी समोरचा विचारून घेतो. पत्राला उलटं विचारता येत नाही. तिला प्रश्न पडला तर तो तसाच तिच्याकडे राहतो, रात्री झोप न येणाऱ्या माणसाकडे. म्हणून पत्रातली बातमी शेवटापर्यंत नेऊनच सोडायची.

आमच्या दादाच्या गुडघ्याचंच घ्या. घरातल्या एकाने पत्राचा मसुदा केला होता, त्यात ओळ होती: "दादाचं परवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता बरा आहे, काळजी करू नकोस." वरवर काय वाईट आहे? पण आत्याच्या जागी बसून वाचा. परवा म्हणजे कधी? पत्र तिला आठ दिवसांनी मिळणार आणि पुढे महिनाभर ती ते वाचणार, तोवर दादाचं ऑपरेशन रोज "परवा"च. पडला होता की काय? एक गुडघा की दोन्ही? आणि "काळजी करू नकोस" हे तर काळजी सुरू करून द्यायचं हमखास वाक्य. आधी काही नसलं तरी ते वाचून माणूस दचकतो.

मग आम्ही ते असं लिहिलं: "दादा ठणठणीत आहे आणि घरात एकटा चालतो. त्याचा उजवा गुडघा झिजला होता, पडलाबिडला नव्हता. महिन्याच्या पाच तारखेला ऑपरेशन करून नवा सांधा बसवला. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं. आता हातात काठी असते, जिना कठडा धरून चढतो, मांडी घालून मात्र बसत नाही. डावा गुडघा चांगला आहे, त्याला हात लावायचा नाही असं ठरलंय. वहिनी व्यायाम करून घेते आणि तो कुरकुर करतो, म्हणजे बरा आहे हे तुला कळेलच."

यात शेवट आधी आलाय, घडलेलं नंतर. आजारपणाची बातमी याच क्रमाने द्यावी, कारण वाचणाऱ्याचा जीव पहिल्या वाक्यावर टांगलेला असतो. तारीख आहे. आज तो काय करू शकतो आणि काय नाही, दोन्ही आहे. ते "मांडी घालून बसत नाही" काढून टाकायचा आग्रह झाला होता, तिला उगाच वाईट वाटेल म्हणून. मी काढू दिलं नाही. सगळंच गोड लिहिलेलं पत्र म्हातारी माणसं बरोबर ओळखतात, आणि मग चांगल्या बातमीवरही त्यांचा विश्वास बसत नाही. आणि शेवटची कुरकुर? ती तर दादाची सही. आत्याने त्याला लहानपणापासून कुरकुरताना पाहिलंय, त्या एका वाक्याने तिला जेवढा धीर येईल तेवढा डॉक्टरांच्या कागदाने येणार नाही.

पुढच्या पिढीच्या बातम्यांत नात्याचा धागा हातात द्यायला विसरू नका. "मुलाने कंपनी बदलली" यातून तिला काय कळणार? कोणाचा मुलगा, आणि कंपनी बदलली म्हणजे काढून टाकलं का? "दादाचा मोठा मुलगा, तोच जो लहानपणी तुझ्याकडे राहून तापाने आजारी पडला होता, त्याने स्वतःहून नोकरी बदलली, पगार वाढला आणि घर ऑफिसच्या जवळ आलं." आता तिच्या डोळ्यांसमोर तो मुलगा उभा राहतो, आणि बातमी शेजारणीला सांगण्याजोगीही होते.

शेजारणीवरून आठवलं. हे पत्र फक्त आत्या वाचणार नाही. चष्मा लावूनही जमलं नाही तर ती कुणाला तरी वाचायला देईल, शाळकरी पोराला, समोरच्या सुनेला, कधी खुद्द पोस्टमनला. म्हणजे आपण लिहिलेलं मोठ्या आवाजात, चारचौघांत वाचलं जाणार, हे धरूनच लिहायचं. आमच्याकडे यंदा एक ठरलेलं लग्न मोडलं. ते पत्रात घातलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, पण ती बातमी ऐकताना आत्याच्या चेहऱ्याकडे परकं माणूस बघत असावं हे मला पटत नाही. ते कोणीतरी जाऊन, तिच्याशेजारी बसून सांगेल. पैशाची देणीघेणी, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचे कसले रिपोर्ट आले, हेही तसंच. मोठ्याने वाचायचं म्हटलं की वाक्यंही आपोआप आखूड होतात. लिहून झाल्यावर एकदा आवाज काढून वाचा. जिथे आपलीच जीभ अडखळते तिथे ते शाळकरी पोर नक्की अडखळणार.

फोटो घालणार असाल तर एकच घाला, पण चेहरे मोठे असलेला. पंचवीस माणसांच्या ग्रुप फोटोत तिला सगळेच ठिपके. मागच्या बाजूला बॉलपेन दाबून नावं लिहू नका, त्याचे वळ पुढे चेहऱ्यांवर उठतात. जेलपेनची शाई त्या गुळगुळीत कागदावर वाळत नाही आणि पत्राच्या पानांना लागते. वेगळ्या चिठ्ठीवर "डावीकडून" म्हणून नाव आणि नातं लिहावं हे बरं.

राहिलं उत्तराचं. "पत्र मिळताच उत्तर पाठव" हे वाक्य आपण सवयीने लिहितो, आणि ते तिच्यासाठी चक्क काम होऊन बसतं. कागद आणायचा, पाकीट आणायचं, पत्ता शोधायचा, हात थरथरतो तो वेगळाच. उत्तर खरंच हवं असेल तर आपला पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट आत घाला, सोबत एक कोरा कागद. प्रश्नही असे विचारा की ज्यांचं उत्तर एका ओळीत देता येईल. "तब्येत कशी आहे" याला सगळे "बरी" म्हणतात, त्यातून आपल्याला काही कळत नाही. "डोळ्यात थेंब घालायला कोण येतं?" असं विचारलं की मात्र खरं काय ते कळतं. आणि उत्तर नाही आलं तर रुसायचं नाही, दोन महिन्यांनी दुसरं पत्र टाकायचं. सण नसला तरी चालतो.

सणाच्या आधी टपाल तुंबतं, म्हणून दहाबारा दिवस हाताशी ठेवून टाका. तरीही उशीर होऊ शकतो, तेव्हा "आज सणाच्या दिवशी तुझी आठवण येतेय" असं लिहू नका. पत्र चार दिवस मागाहून पोचलं तर ते शिळं वाटतं. वर पत्र लिहिल्याची तारीख टाका आणि "या सणाला तुझी आठवण निघणारच" असं लिहा, ते आधीही चालतं आणि नंतरही. पाकिटावर तिच्या नावाखाली ज्यांच्या घरी ती राहते त्यांचं नाव जरूर घाला. तिचं नाव त्या गल्लीत क्वचितच कोणाला ठाऊक असतं, तिथे ती कुणाची तरी आजी असते. मागे आपला पूर्ण पत्ता लिहा, म्हणजे पत्र पोचलं नाही तर निदान परत तरी येईल.

ता. क. घरातल्या प्रत्येकाने शेवटी दोन ओळी आपल्या हाताने लिहाव्यात असा माझा हट्ट असतो. पोरं "काय लिहू" म्हणून डोकं खातात. त्यांना सांगतो, आज दिवसभरात काय खोडी केलीस तेवढं लिही. गेल्या वेळी आत्याच्या उत्तरात दादाच्या गुडघ्याबद्दल एक ओळ होती आणि त्या खोडीबद्दल सहा.